धार वळली की झिजली?

पिकलेल्या टोमॅटोवर सुरी टेकवली, हलकेच पुढे सरकवली आणि साल न चिरता ती बाजूला घसरली, की धार गेली असे खुशाल समजावे. अशा वेळी आपण हाताला जोर देतो आणि घात तिथेच होतो. धारदार सुरी जिथे टेकवाल तिथेच रुतते. बोथट सुरी निसटते आणि हाताचा सगळा जोर घेऊन पलीकडच्या बोटांवर येते.

धार गेली म्हणजे नेमके काय झाले, हे आधी कळायला हवे, कारण त्यावरच उपाय ठरतो. पात्याच्या दोन बाजू उतरत उतरत जिथे मिळतात, ती कड म्हणजे धार. ही कड केसाहूनही कितीतरी बारीक असते. रोज फळीवर टेकून टेकून ती हळूहळू एका बाजूला वळते. अशा वेळी धातू झिजलेला नसतो, फक्त कड सरळ राहिलेली नसते. ती सरळ करायला धारेची सळई लागते. दुकानात तिला होनिंग रॉड म्हणतात. पण महिनोन्‌महिने वापरल्यावर कड खरोखरच झिजते, गोलसर होते. मग सळई कितीही फिरवली तरी उपयोग नाही. तिथे दगडावर थोडा धातू घासून नवी कडच काढावी लागते.

तुमच्या सुरीचे काय झाले आहे, ते घरातच पाहता येते. सुरी ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा आणि धारेच्या रेषेत बघा. चांगली धार जवळजवळ दिसत नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे जागाच नसते. जिथे बारीक चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो, तिथे कड वळलेली, झिजलेली किंवा तुटलेली असते. मग सळईवर पाच-सहा हात फिरवून पुन्हा टोमॅटो घ्या. साल सहज चिरली, तर कड नुसती वळली होती. तरीही घसरली, तर दगड काढायची वेळ आली. धार बघायला अंगठा तिच्यावरून लांबीच्या दिशेने मात्र कधीही फिरवू नये.

सळई वापरताना ती हवेत धरून तलवारीसारखी सुरी फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. फळीवर फडक्याची घडी ठेवा, सळईचे टोक तिच्यावर टेकवून सळई उभी धरा. पात्याचा मुठीकडचा भाग सळईच्या वरच्या टोकाजवळ लावा आणि सुरी खाली आणता आणता आपल्याकडे ओढा, म्हणजे खाली पोचेपर्यंत पात्याचे टोक सळईशी येईल. मग हेच दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजूंना आलटून पालटून पाच-सहा हात पुरेत. सुरीच्या वजनाहून थोडाच अधिक दाब द्यावा. आवाज हलका, सरसर असा यायला हवा. करकर आवाज आला तर जोर जास्त होतो आहे.

सळई असो वा दगड, खरी गोम कोनात आहे. घरच्या साध्या स्टीलच्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण 20 अंशांचा कोन चालतो. तो मोजायला कोनमापक लागत नाही. 20 अंशांसाठी पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वर उचलावी लागते. पाते 4 सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ सुमारे 1.4 सेंटिमीटर वर. तेवढ्या उंचीची नाणी एकावर एक रचून दगडाशेजारी ठेवली की डोळ्याला अंदाज येतो. जपानी पद्धतीच्या पातळ सुऱ्यांना 15 अंश लागतात. त्याच रुंदीला पाठ सुमारे 1 सेंटिमीटर उचलायची. या सुऱ्यांचे पोलाद फार कडक असते, त्यामुळे खाचांच्या स्टील सळईवर त्यांची धार टवके जाऊन तुटू शकते. त्यांना थेट दगडच बरा.

आता ही 4 सेंटिमीटर रुंदीची सुरी दगडावर घेऊ. पाण्याच्या दगडांवर आकडे असतात: आकडा लहान तितका दगड खरबरीत. 1000 आकड्याचा एकच दगड घेतला तरी घरचे काम भागते. 3000चा सोबतीला असेल तर धार अधिक गुळगुळीत होते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा, दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगडही चालतो. त्यावर एकदा तेल वापरले की नंतर तेलच वापरावे.

1000चा दगड भिजवायच्या प्रकारचा असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा मिनिटे, पाण्यात ठेवा. ओल्या फडक्यावर तो ठेवला की घसरत नाही. उजव्या हातात मूठ, धार आपल्याकडे, पाठ ठरलेल्या उंचीवर. डाव्या हाताची दोन बोटे पात्याच्या सपाट भागावर, धारेच्या अलीकडेच थांबलेली. सुरी पुढे ढकलताना बेताचा दाब, मागे आणताना दाब काढायचा. आधी मुठीजवळचा भाग, मग मधला, मग टोक. टोकाकडे पाते गोल होत जाते, म्हणून तिथे मूठ किंचित वर घ्यावी.

कोन जमतो आहे का, हे कळायला धारेच्या उतारावर मार्करने काळी रेघ ओढा आणि चार हात फिरवून बघा. रंग फक्त वरच्या भागातून गेला आणि कडेशी राहिला, तर पाठ फार खाली आहे. नुसता कडेचाच गेला, तर फार वर.

किती घासायचे, हे हात मोजून ठरत नाही. थोड्या वेळाने दगडाला न लागलेल्या बाजूने अंगठा पाठीकडून धारेकडे आणत बाहेर काढा. कडेला बारीक, खरखरीत कंगोरा लागला, तर ती बाजू झाली. कारण धातू घासून दुसऱ्या बाजूला वळला आहे. मुठीपासून टोकापर्यंत तो सलग लागायला हवा. मध्येच गायब असेल, तर तिथे अजून घासणे बाकी आहे. मग सुरी उलटून दुसरी बाजू तशीच करायची.

हा कंगोरा राहू दिला तर सुरी पहिल्या दिवशी फार तेज वाटते आणि लगेच बोथट होते, कारण तो वळतो किंवा तुटतो. म्हणून शेवटी 3000च्या दगडावर, नसेल तर 1000वरच, अगदी हलक्या हाताने एक फेरी या बाजूने, एक त्या बाजूने अशा थोड्या फेऱ्या माराव्यात. मग सुरी धुवा, पाठीकडून धारेकडे पुसा आणि वर्तमानपत्राचा कागद वरच्या कडेपासून कापून बघा. जिथे अडकेल, तिथेच दगड पुन्हा.

एवढी मेहनत काचेच्या, ग्रॅनाइटच्या किंवा स्टीलच्या पृष्ठभागावर चिरल्याने पटकन वाया जाते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची फळीच वापरावी. चिरलेली भाजी धारेने खरवडून गोळा करू नये, सुरी उलटी करून पाठीने सारावी. सिंकमधल्या भांड्यांत ती ठेवू नये: धारही जाते आणि साबणाच्या पाण्यात न दिसल्याने हातही कापतो. ड्रॉवरमध्ये म्यान घालूनच ठेवावी. हातातून सुटली तर पकडायला जाऊ नये, मागे सरावे.

टोक तुटले असेल किंवा पात्याचा मोठा टवका उडाला असेल, तर घरच्या दगडावर फार वेळ जातो. तेव्हा धारवाल्याकडे द्यावी, पण त्याला थांबत थांबत, पाण्यात बुडवून काम करायला सांगावे. कोरड्या चाकावर पाते तापून निळसर पडले, तर तिथले पोलाद मऊ होते आणि तो भाग धार धरत नाही. दातेरी सुरीला घरी हात लावू नये.

सळई आठवड्यातून एक-दोनदा फिरवली, तर दगड काही महिन्यांनी एकदाच लागतो. दगड दरवेळी थोडा धातू खातो, म्हणून टोमॅटो सांगेल तेव्हाच तो काढावा.