वहीतलं ‘अप्रतिम’

मैत्रिणीचं जलरंगांचं पहिलं प्रदर्शन जहांगीरमध्ये लागतं आणि अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम’, ‘खूप छान’ यांची रांग लागते. चित्र न पाहताही लिहिता येईल असं हे कौतुक! त्यापेक्षा एकाच चित्रापुढे थांबावं. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, तिथे कागदच कोरा राखतात. तो एकदा रंगला की पुन्हा तसा शुभ्र होणं कठीण. म्हणून लिहावं : ‘ससून डॉकच्या चित्रात ओल्या फरशीवरचा उजेड तू कोऱ्या कागदातून आणलास. कोळिणीच्या पदराची कड मात्र ओल्या रंगात विरू दिलीस, त्यामुळे ती लगबगीने चाललीय असं वाटलं.’ फ्रेम, किमती, गर्दी यांच्या गप्पा नंतर चहावर होतातच.