मेहंदीचे हात आणि लेन्स

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा निकाह ठरला आणि घरात पहिला वाद झाला तो चष्म्यावरून. दोन्ही डोळ्यांना उणे पाच नंबर. अम्मीचं म्हणणं, झूमर आणि नथ घातल्यावर चष्मा शोभत नाही, लेन्स लाव. मुलीला काळजी वेगळीच होती. मुलाकडे गेलेला फोटो बिनचष्म्याचा होता. "त्यांना ठाऊक नसताना लेन्स लावली, तर ती लपवाछपवी नाही का?" तिने आम्हाला विचारलं. आम्हालाही तिचं पटलं. अखेर अम्मीने फोन केला. तिकडून उत्तर आलं, "आमच्या मुलीलाही चष्मा आहे की!"

आता प्रश्न फक्त डोळ्यांचा उरला. निकाहला दीड महिना असताना ती डॉक्टरांकडे गेली, हे बरं झालं. चष्म्याचा नंबर तसाच लेन्सला चालत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून थोडी दूर असते आणि लेन्स बुबुळावरच बसते, त्यामुळे तिच्या उणे पाचाच्या जागी उणे पावणेपाचची लेन्स आली. बुबुळाचा आकार मोजला, डोळे कोरडे नाहीत ना ते पाहिलं. रोज नवी लावून रात्री फेकायची, अशी लेन्स डॉक्टरांनी सुचवली. थोड्याच दिवसांसाठी हवी असेल तर हीच सोयीची, डबी आणि द्रावणाची भानगड नाही. पहिल्या दिवशी लेन्स लावायलाच अर्धा तास गेला. मग रोज तास-दोन तास वाढवत तिने सवय केली.

खरी अडचण मेहंदीने केली. ओली मेहंदी हातावर असताना लेन्स काढता येत नाही. शिवाय मेहंदीत निलगिरीचं तेल असतं, ते बोटांना राहिलं तर डोळ्याला झोंबतं. म्हणून मेहंदी दोन दिवस आधी काढली आणि त्या रात्री ती चष्म्यातच बसली. निकाहच्या दिवशी हात साबणाने धुऊन, कोरडे करून, मेकअपच्या आधी लेन्स लावली. नंतर लावली असती तर पावडर आणि काजळ आत गेलं असतं. वुजू करताना डोळे मिटून घेतले. नळाच्या पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला इजा करू शकतात, हे तिला बजावून सांगितलं होतं.

डॉक्टरांची एक ताकीद तिने मामीलाही सांगून ठेवली होती: डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर फोटो राहू देत, लेन्स लगेच काढायची. आणि लेन्स लावून झोपायचं नाही, कितीही थकवा असो.

रुखसतीच्या वेळी ती खूप रडली. गाडीत बसण्याआधी मामीने तिला आत नेलं, हात धुवायला लावले. लेन्स काढून, मेकअप पुसून, चष्मा लावून ती सासरी निघाली. वलीम्यालाही ती चष्म्यातच होती, नव्या सोनेरी फ्रेमच्या. त्या काचांना चकाकी न येणारा लेप होता, त्यामुळे फोटोत तिचे डोळे स्पष्ट दिसतात.