बत्तीस घरं, एक तंतू

फायबर इंटरनेट असलेल्या इमारतीच्या जिन्याखाली किंवा गल्लीतल्या खांबावर एक छोटी पेटी असते. उघडून पाहिली तर आत ना दिवा, ना पंखा, ना विजेची वायर. एका बाजूने एक काचतंतू आत येतो आणि दुसऱ्या बाजूने 32 बाहेर पडतात. हा स्प्लिटर. आत आलेला प्रकाश तो नुसता वाटून देतो, त्यामुळे प्रत्येक घराला बत्तिसाव्या हिश्श्याहूनही थोडा कमीच मिळतो.

केंद्राकडून येणारी माहिती अशी वाटणं सोपं असतं. सगळ्यांची माहिती सगळ्यांच्या घरी पोचते. घरातला डबा आपल्या नावाची तेवढी उचलतो आणि बाकीची सोडून देतो. शेजाऱ्याची माहिती सांकेतिक कुलपात असल्याने ती वाचता येत नाही.

खरी पंचाईत उलट्या दिशेला आहे. 32 डब्यांना एकाच तंतूतून केंद्राकडे बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले तर केंद्राला कुणाचंच कळत नाही. ‘आधी कानोसा घेऊ, मग बोलू’ हेही जमत नाही, कारण घरातून निघालेला प्रकाश स्प्लिटरमधून केंद्राकडेच जातो, शेजारच्या डब्याला तो दिसतच नाही. म्हणून पाळ्या केंद्र ठरवतं. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक डब्याने लेझर बंद ठेवायचा.

पण घरं सारख्या अंतरावर नसतात. काचेत प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. समजा, एक घर केंद्रापासून 1 किलोमीटरवर आहे आणि दुसरं 4 किलोमीटरवर. जाऊन-येऊन दोघांत 30 मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत घराकडून केंद्राकडे जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 1.24 अब्ज बिट असतो. त्या हिशेबाने एवढ्याशा वेळात 37 हजार बिट निघून जातात. म्हणून डबा जोडला गेला की केंद्र त्याला हाक मारतं आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजतं. मग जवळच्याला सांगतं, ‘तू 30 मायक्रोसेकंद जास्त थांब.’ आता सगळी घरं जणू एकाच अंतरावर आली. ज्याला जास्त पाठवायचं असेल, त्याला केंद्र मोठी पाळीही देतं.

एखाद्या डब्याचा लेझर बिघडून चालूच राहिला, तर मात्र सगळ्यांच्याच पाळ्या बुडू शकतात. हा बिघाड दिव्यांवरून ओळखता येतो. एकाच घरात LOS चा लाल दिवा लागला, तर बहुधा त्या घराची तार तुटली किंवा दुमडली आहे. पण त्याच स्प्लिटरवरच्या अनेक घरांत LOS विझलेला आणि PON चा दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश घरापर्यंत येतोय, पण घराचं म्हणणं केंद्राला ऐकू जात नाही. मग तंत्रज्ञ स्प्लिटरपाशी उभा राहून एकेक तंतू काढत जातो. ज्याचा काढताच बाकीचे दिवे स्थिर होतात, तो डबा पाळी सोडून बोलत होता.