जोड ऐकू येऊ नये म्हणून

मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणातून एखादा अडखळलेला ‘अं’ कापला, की जोडाच्या जागी बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. संपादनाच्या पडद्यावर तिथे झूम करून पाहा. आवाजाची रेघ शून्याच्या आडव्या रेषेच्या वर-खाली हलत असते. समजा, कापाआधीचा तुकडा +0.4 वर संपला आणि पुढचा -0.3 वर सुरू झाला. स्पीकरच्या पडद्याला ही उडी सेकंदाच्या 44,100व्या भागात घ्यावी लागते. इतक्या अचानक उडीत जाड-बारीक सगळेच स्वर मिसळलेले असतात, म्हणून ‘टक्’ वाजतो.

उपाय सोपा आहे. दोन्ही कड्या रेघ शून्य ओलांडते तिथेच ठेवायच्या. ऑडॅसिटीत भाग निवडून `Z` दाबले, की निवडीच्या कडा जवळच्या अशा बिंदूंवर सरकतात. बोलण्यात असे बिंदू काही मिलिसेकंदांवरच सापडतात, त्यामुळे शब्द तुटत नाही. मात्र दिशाही जुळायला हवी. डावीकडची रेघ वर चढत शून्यावर आली, तर उजवीकडची शून्यावरून वरच जायला हवी. नाहीतर जोडाला टोक येते आणि खर्जाच्या आवाजात ते कधीकधी जाणवते.

स्टिरिओत खरी अडचण येते. डावी आणि उजवी बाजू सहसा एकाच क्षणी शून्यावर नसतात. संगीतात तर हे नेहमीचेच. तिथे शून्यबिंदू शोधत बसू नका. 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या आणि जोड हेडफोनवर ऐकून तपासा.