उतरणीला लागलेला जुना लेख

संकेतस्थळावरचा एखादा लेख चार-पाच वर्षे भरपूर वाचला जातो आणि मग त्याचे वाचक कमी होऊ लागतात. अशा लेखाचे तीन प्रकारे काही करता येते : तो नव्याने लिहायचा, दुसऱ्या लेखात विलीन करायचा किंवा काढून टाकायचा. यांतले काय करायचे हे वाचक किती घटले यावरून ठरत नाही. ते का घटले यावरून ठरते. माहितीपर लेखांचे बहुतेक वाचक गुगलच्या शोधातून येतात, त्यामुळे कारणाचा माग ‘सर्च कन्सोल’ या गुगलच्या मोफत साधनात लागतो. लेख शोधनिकालात किती वेळा दिसला (इम्प्रेशन्स), त्यावर किती जणांनी क्लिक केले, तो सरासरी कितव्या क्रमांकावर होता आणि लोकांनी कोणते शब्द टाकून शोधले, हे तिथे कळते. ही माहिती मागच्या 16 महिन्यांचीच मिळते. म्हणून जुन्या लेखांची जबाबदारी असलेल्या संपादकाने ती अधूनमधून उतरवून ठेवलेली बरी.

पहिली खातरजमा घसरण खरी आहे का, याची. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी केली, तर दहावीच्या निकालावरचा लेख जुलैत मरणासन्न वाटेल. म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी, असे सांगतात. मराठी संकेतस्थळांना मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण आपले सण तिथीने येतात. गणेशचतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. गणपतीच्या प्रतिष्ठापनेवरच्या लेखाचे 2024 आणि 2025 चे सप्टेंबर शेजारी ठेवले, तर लेख कोसळलेला दिसतो. प्रत्यक्षात वाचक ऑगस्टमध्येच येऊन गेलेले असतात. सणांच्या लेखांची तुलना चतुर्थीआधीच्या तीन आठवड्यांची मागच्या चतुर्थीआधीच्या तीन आठवड्यांशी, अशीच करावी लागते.

घसरण खरी ठरली की कोणता आकडा घसरला ते पाहायचे. लेख दिसण्याचेच प्रमाण घटले आणि क्रमांक जागच्या जागी असेल, तर लोकांनी तो प्रश्न विचारणे कमी केले आहे. लेख कितीही घासूनपुसून काढला, तरी गेलेली मागणी त्याने परत येत नाही. लेख पूर्वीइतकाच दिसतो, क्रमांकही तोच आहे आणि क्लिक मात्र घटले, तर दोष बहुधा शीर्षकाचा असतो किंवा उत्तर निकालपानावरच मिळू लागलेले असते. लेख दिसतो, पण क्रमांक खाली गेला, तर प्रश्न जिवंत आहे आणि उत्तरासाठी दुसऱ्या कुणाला पसंती मिळते आहे. नव्याने लिहिण्याची मेहनत फळते ती याच तिसऱ्या प्रकारात.

सरासरी क्रमांक फसवाही असतो. लेख एखाद्या नव्या, दूरच्या शोधासाठी चाळिसाव्या क्रमांकावर दिसू लागला की सरासरी खाली ओढली जाते. मूळच्या महत्त्वाच्या शोधात तो पहिल्या तिघांत असला तरीही. म्हणून सबंध लेखाचा क्रमांक न पाहता, सर्वाधिक वाचक आणणाऱ्या पाच-सहा शोधांचे क्रमांक सुटे सुटे पाहावेत.

नमुन्यादाखल शेतीविषयक संकेतस्थळावरचा एक लेख घेऊ : ‘सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढावा’, 2019 साली लिहिलेला. समजा, तीन महिन्यांत त्याला पूर्वी 9,000 क्लिक मिळत; आता वर्षभरानंतरच्या त्याच तीन महिन्यांत 3,800 मिळाले. लेख दिसण्याचे प्रमाण 1,60,000 वरून 1,52,000 वर आले, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले. मुख्य शोधांतला क्रमांक मात्र तिसऱ्यावरून सातव्यावर गेला. लोकांना सातबारा हवाच आहे. हा लेख त्यांना पूर्वीसारखा समोर दिसत नाही.

यानंतर शोधशब्दांची यादी उघडायची. मराठी वाचक एकच गोष्ट अनेक रूपांत टाइप करतात : सातबारा उतारा, ७/१२, satbara utara, 7/12 online. ही सगळी रूपे एकत्र धरून पाहिली तरच चित्र पुरे होते. नुसत्या देवनागरीवर नजर ठेवणाऱ्याला निम्मा वाचक दिसतच नाही, असेही होऊ शकते. आपल्या उदाहरणात ‘डिजिटल सातबारा’ हा शोध निवडून त्यासाठी कोणकोणती पाने दिसली ते पाहिले, तर दोन पत्ते निघतात. एक हा लेख आणि दुसरा त्याच संकेतस्थळावरचा 2021 मधला ‘डिजिटल सहीचा सातबारा’. एखाद्या आठवड्यात एक वर, तर पुढच्या आठवड्यात दुसरा. एकाच घरचे दोन उमेदवार एकाच जागेसाठी उभे राहिले आणि मते फुटली, असा हा प्रकार. तिसरा एक लेखही आहे, ‘सातबारा म्हणजे काय’. पण त्याचे शोध वेगळे आहेत. गाव नमुना 7 हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना 12 ही पिकांची नोंदवही, हे समजून घ्यायला येणारा वाचक आणि उतारा काढायला बसलेला वाचक यांची गरज एक नव्हे. विषय एक म्हणून लेख एक करायचे नसतात. वाचकाचा प्रश्न एक असेल तरच करायचे. इथे पहिले दोन एक होतात आणि तिसरा वेगळा राहतो.

विलीन करताना कोणता पत्ता ठेवायचा? ज्याला जास्त क्लिक आहेत आणि ज्याचे दुवे इतर संकेतस्थळांनी दिले आहेत तो. नवा लेख चांगला लिहिला गेला आहे म्हणून त्याचाच पत्ता ठेवण्याचा मोह होतो. पण मजकूर कुठेही हलवता येतो, दुसऱ्यांनी दिलेले दुवे हलवता येत नाहीत. इथे 2019 चा पत्ता राहील. नव्या लेखात जे अधिकचे आहे तेवढेच त्यात आणायचे. बिनसहीचा उतारा केवळ माहितीसाठी चालतो, शासकीय कामासाठी डिजिटल सहीचा लागतो, हा भाग खरे तर पहिल्याच परिच्छेदात हवा, कारण वाचकाची अडचण तिथेच असते. दोन लेख नुसते एकाखाली एक चिकटवले, तर तीच माहिती दोनदा आलेले लांबलचक पान तयार होते. मग नाहीशा होणाऱ्या पत्त्यावरून राहिलेल्या पत्त्याकडे कायमचे वळण द्यायचे. अपाची सर्व्हरवर त्यासाठी `.htaccess` मध्ये एक ओळ पुरते :

```
Redirect 301 /digital-sahi-satbara/ /satbara-utara/
```

हे वळण निदान वर्षभर ठेवावे, असे गुगल सांगते. जमल्यास कायमच ठेवावे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिलेले जुने दुवे कधीही उघडले जातात. आपल्याच इतर लेखांतले दुवे मात्र थेट नव्या पत्त्यावर करून घ्यावेत. काढलेले प्रत्येक पान मुखपृष्ठाकडे वळवण्याची सवय पुष्कळांना असते, ती वाईट. वाचक उतारा शोधत येतो आणि मुखपृष्ठावर जाऊन पडतो. गुगलही अशा वळणाला बहुधा ‘पान सापडले नाही’ असेच धरते.

आता पुनर्लेखन. 2019 च्या लेखात काय शिळे झाले आहे, हे विषय जाणणाऱ्यालाच कळते. पिकांची नोंद तलाठी करतो, असे त्यात लिहिलेले असणार. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी मोबाइलवरून स्वतः नोंद करू लागला. 2024 मध्ये तलाठी हे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. संकेतस्थळाची चित्रे जुनी, पडद्यावर दाबायच्या जागा बदललेल्या. हे सगळे प्रत्यक्ष एक उतारा काढून, पायरीगणिक तपासूनच दुरुस्त करावे लागते. पण दुरुस्ती करताना ‘तलाठी’ हा शब्द हद्दपार करायचा नाही. लोक अजून तलाठीच म्हणतात आणि तोच शब्द टाकून शोधतात. नवे नाव एकदा सांगून दोन्ही ठेवावीत.

पुनर्लेखनात हमखास होणारी चूक म्हणजे चालता भाग उडवणे. लेख आजही 3,800 क्लिक मिळवतो, ते कुठल्यातरी परिच्छेदामुळे. गट नंबर माहीत नसेल तर नावावरून शोध कसा घ्यायचा, या चार ओळीच निम्मे वाचक आणत असतील आणि संपादकाला त्या अवांतर वाटल्या, तर उरलेले वाचकही जातील. म्हणून कात्री हातात घेण्याआधी शोधशब्दांची यादी लेखाशेजारी ठेवायची आणि प्रत्येक शोधाचे उत्तर कुठल्या परिच्छेदात आहे ते खुणावून घ्यायचे. पत्ता बदलायचा नाही. पत्त्यात वर्ष घातलेले असेल, तर ते पुढच्या वर्षी पुन्हा आडवे येते, हे नवा लेख लिहितानाच ध्यानात ठेवावे. मजकुराला हात न लावता वर फक्त आजची तारीख टाकण्याची युक्ती फार चालते. तिचा उपयोग होत नसल्याचे गुगलने सांगितले आहेच, शिवाय आत जुनी चित्रे पाहून वाचकाचा विश्वास उडतो तो वेगळा.

काढून टाकण्याची पाळी फार थोड्या लेखांवर यावी. 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘सीनेट’ या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने शोधातले स्थान सुधारावे म्हणून आपले हजारो जुने लेख काढल्याची बातमी आली, तेव्हा केवळ जुने म्हणून लेख काढण्याचा फायदा होतो ही समजूत चुकीची असल्याचे गुगलने जाहीरपणे सांगितले. जुनी बातमी जुनी म्हणूनच मोलाची असते. तिला वाचक नसले तरी ती राहू द्यावी. काढायचे ते चुकीचे, उचललेले किंवा दोन ओळींपलीकडे काही नसलेले आणि ज्याचा प्रश्नच संपला आहे ते, म्हणजे मुदत संपलेल्या भरतीची जाहिरात वगैरे. बंद पडलेल्या सरकारी योजनेचे तसे नाही. लोक ती वर्षानुवर्षे शोधत राहतात. अशा लेखाच्या माथ्यावर योजना बंद झाल्याचे आणि तिच्या जागी काय आले ते लिहिले, की तो पुन्हा कामाचा होतो. काढण्याआधी आणखी एक पाहायचे. सर्च कन्सोल फक्त शोधातून आलेले वाचक मोजते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक किंवा एखाद्या शाळेच्या पानावरच्या दुव्यावरून येणारे त्यात नसतात. काढलेल्या पानाला पर्याय असेल तर वळण द्यावे. नसेल तर पान नाही असे सरळ सांगणारा 404 किंवा 410 संकेत द्यावा. दोन्हींत व्यवहारात फारसा फरक नाही.

हे सगळे एकाच दिवशी पन्नास लेखांना लावले, तर कशाने काय झाले ते कधीच कळत नाही. चार-पाच लेख घ्यावेत, प्रत्येकात कोणत्या तारखेला काय बदलले याची वही ठेवावी आणि मग सहा ते आठ आठवडे थांबावे. त्या काळात क्रमांक वरखाली होतात, विशेषतः विलीन केलेल्या लेखांचे, आणि आठवड्याभरात घाबरून जुना मजकूर परत आणणाऱ्याला दोन्हीकडून तोटा होतो. याच दरम्यान गुगलने आपल्या क्रमवारीत मोठा बदल केला असेल, तर त्याची तारीखही वहीत लिहावी. हात न लावलेले लेखही त्याच आठवड्यात हलले असतील, तर चढ किंवा उतार पुनर्लेखनाचा नसून त्या बदलाचा असण्याचीच शक्यता जास्त.