पंख मिळाले आणि रस्ते ओस पडले

ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम 2004 मध्ये आला. त्यात पहिली सवारी मिळायची ती थेट 40 व्या लेव्हलला. तोवर बराचसा प्रवास पायी. बॅरन्स नावाचं पिवळ्या गवताचं एक अफाट माळरान होतं. क्रॉसरोड्स या नाक्यावरून निघालं, की पुढचं ठाणं दिसायला बराच वेळ लागायचा. वाटेत सिंह आणि शत्रूंच्या टोळ्या. हे माळरान जुन्या खेळाडूंच्या डोक्यात आजही पक्कं बसलेलं आहे आणि त्याचं मोठं कारण म्हणजे ते त्यांनी चालून पार केलं होतं.

ओपन-वर्ल्ड गेम म्हणजे खेळाडूला मोकळेपणाने हिंडता येईल असं सलग जग. त्यात घोडा, मोटार किंवा पंखवाला प्राणी देणं ही वरवर पाहता सोयीची गोष्ट वाटते. पण या जगातलं अंतर यार्डात मोजून कळत नाही, ते पार करायला लागणाऱ्या वेळावरून कळतं. त्यामुळे सवारी बदलली की सगळं जगच नव्याने मापावं लागतं. या एका गेममध्ये गेल्या वीस वर्षांत हे जितकं उघडपणे घडलं, तितकं दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं.

थोडा हिशोब करू. या गेममध्ये माणूस सेकंदाला 7 यार्ड धावतो. समजा, एक गाव 2000 यार्डांवर आहे. धावत जायला पावणेपाच मिनिटं लागतील. दुप्पट वेगाच्या घोड्यावर अडीच मिनिटांच्या आत पोचता येईल. पण हे झालं सरळ रेषेतलं अंतर. जमिनीवर मध्ये डोंगर असतो, खिंड शोधावी लागते, नदीला वळसा पडतो. वाट 3000 यार्डांची झाली, तर घोड्यालाही साडेतीन मिनिटं हवीत. शिवाय जवळून गेलं की जनावरं अंगावर येतात, आणि पाठीमागून फटका बसला तर स्वार भोवंडून घोड्यावरून खाली पडू शकतो. म्हणून रस्त्याला किंमत होती. डिझायनर रस्त्यालगत शत्रू विरळ ठेवत, चौकात दिशादर्शक पाट्या लावत. घोडा वेगवान होता, पण जमिनीचे नियम त्यालाही लागू होते.

2007 च्या जानेवारीत ‘द बर्निंग क्रुसेड’ हा नवा भाग आला आणि त्यात आउटलँड या नव्या प्रदेशापुरती उडणारी सवारी मिळाली. तिच्यातल्या महागड्या प्रकाराचा वेग धावण्यापेक्षा 280 टक्क्यांनी जास्त होता. आपलं तेच गाव आता सव्वा मिनिटावर आलं, कारण वळसा उरला नाही, खिंड उरली नाही आणि वाटेतलं जनावरही उरलं नाही. माझ्या मते खरा बदल इथे आहे. निव्वळ वेग वाढला असता तर जग आक्रसलं असतं, इतकंच. उड्डाणाने जमिनीशी असलेला संबंधच सुटला.

डिझायनरांनी आउटलँड मात्र उड्डाण गृहीत धरूनच रचलं होतं. टेंपेस्ट कीप हा किल्ला नेदरस्टॉर्म प्रदेशाच्या कडेला हवेत तरंगतो, पंखांशिवाय तिथे जाताच येत नाही. 2008 मध्ये नॉर्थरेंड आलं, त्यातली स्टॉर्म पीक्ससारखी उंच शिखरंही उडणाऱ्यांसाठीच होती. पण 2004 च्या मूळ खंडांवर उडायला बंदीच राहिली, कारण ती जमीन वरून पाहण्यासाठी बनवलेलीच नव्हती. डोंगरांमागे मोकळ्या, न रंगवलेल्या जागा होत्या, काही इमारतींना मागची बाजूच नव्हती. खालून चालणाऱ्याला जे दिसत नाही ते बांधायचं कशाला, हा त्या वेळचा योग्यच विचार. ही बंदी उठवण्यासाठी 2010 च्या ‘कॅटॅक्लिझम’मध्ये दोन्ही जुने खंड नव्याने घडवावे लागले. तेव्हा बॅरन्सचे दोन तुकडे झाले.

उड्डाणाने जग बिघडतं आहे हे ओळखायचं कसं? खेळाडू काय करतात ते पाहावं. काम मिळालं की ते आकाशात चढतात, नेमकं लक्ष्याच्या डोक्यावर उतरतात, काम उरकतात आणि पुन्हा वर जातात. डिझायनरने छावणीभोवती पहारेकरी नेमलेले असतात, आत शिरायची अवघड वाट आखलेली असते, वाटेवर एखादी गुहा दडवलेली असते. यातलं काहीच वापरलं जात नाही. रस्त्यावर दुसरा खेळाडू भेटत नाही, त्यामुळे अनोळखी माणसाला मदत करणं किंवा त्याच्याशी झुंजणं हेही घटतं.

म्हणून 2014 च्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’मध्ये ब्लिझर्डने नव्या प्रदेशात उड्डाण दिलंच नाही. पुढच्या वर्षी कंपनीने सांगितलं, की ते द्यायचा विचारही नाही. खेळाडू भयंकर चिडले. जे एकदा हातात दिलं ते काढून घेतल्याचा तो राग होता आणि तो समजण्यासारखा होता. काही आठवड्यांतच कंपनीने मधला मार्ग काढला: सगळा प्रदेश पायाखाली घाला, कथा पूर्ण करा, 100 खजिने शोधा, तिथल्या गटांचा विश्वास कमवा, मग उडा. पहिली ओळख जमिनीवरून व्हावी हा हेतू त्यातून साधला. पण मूळ दुखणं तसंच राहिलं, कारण परवानगी मिळाल्यानंतरचं उड्डाण पूर्वीसारखंच होतं: बटण दाबून ठेवा आणि सरळ जा.

खरं उत्तर 2022 मध्ये ‘ड्रॅगनफ्लाइट’ने दिलं. नवा ड्रॅगन खेळाडूला जवळजवळ सुरुवातीलाच मिळतो, पण तो हवेत स्थिर लटकत नाही. त्याला गती सांभाळावी लागते. खाली सूर मारला की वेग वाढतो, वर चढलं की घटतो. पंख मारायला तेव्हा ‘व्हिगर’ नावाची मोजकी ताकद खर्च व्हायची. ती जमिनीवर विसावल्यावर भरायची, तशीच पुरेशा वेगाने उडत राहिल्यावरही भरायची. वेग जुन्या उड्डाणाच्या दुपटीहून अधिक होऊ शकतो, तरी जमीन पुन्हा महत्त्वाची झाली. कडा दिसला की तिथून सूर मारता येईल असं मनात येतं, दरी दिसली की त्यात उतरून गती कमवावीशी वाटते. ताकद वाढवणारी चिन्हं तेव्हा मनोऱ्यांवर आणि शिखरांवर ठेवलेली असल्याने नजरही भूभागावर फिरत राहायची. जुनी सवारी डोंगराला फक्त ओलांडत होती, ही त्याचा उपयोग करून घेते.

या वेगाला जागाही तशीच लागते. ड्रॅगन आयल्सचे प्रदेश विस्तीर्ण आणि उंचसखल आहेत. 2024 मध्ये हीच पद्धत जुन्या खंडांवर लागू झाली तेव्हा फरक लगेच जाणवला. पायी चालणाऱ्यासाठी आखलेला प्रदेश गती पकडेपर्यंत संपतो.

2025 च्या फेब्रुवारीत आलेल्या अंडरमाइन या भूमिगत गॉब्लिन शहरात तर उड्डाणच बंद आहे. त्याऐवजी प्रत्येकाला मोटार मिळते. तिचे भाग बदलता येतात, वळणावर ती घसरवता येते, टर्बो मारून रॅम्पवरून उडवता येते. शहराचे रुंद रस्ते, वळणं आणि चढ त्या गाडीच्या वळण्याच्या क्षमतेनुसार आखलेले आहेत. बंदीची तक्रार ड्रेनॉरइतकी पेटली नाही, कारण या वेळी पंख नुसते काढून घेतले नव्हते, त्यांच्या जागी दुसरं मजेदार वाहन दिलं होतं, आणि ते चालवायला शोभेल असं शहरही सोबत बांधलं होतं.