टँकरच्या पोटात पाणी किती?

उन्हाळ्यात वाडीवस्तीवर टँकर आला की पहिला प्रश्न असतो, पाणी किती आणले? टाकीवर रंगवलेला आकडा बघून उत्तर दिले जाते आणि हंडे-घागरी पुढे सरकतात. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे तपासायला मात्र फारसे कोणी जात नाही. त्यासाठी लागते फक्त मोजपट्टी, एक सरळ काठी आणि शाळेत शिकलेला वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा नियम.

बऱ्याच टँकरची टाकी मागून पाहिली तर ती गोल नसते, चौकोनीही नसते. ती असते आडव्या अंड्यासारखी, म्हणजे लंबवर्तुळाकार. याला कारण आहे. दहा हजार लिटर पाण्याचे वजन दहा टन भरते. तेवढ्याच पाण्याची गोल टाकी केली तर ती उंच होते, वजन वर जाते आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. चौकोनी टाकी बुटकी करता येते, पण पाण्याच्या दाबाने तिच्या सपाट बाजू फुगतात आणि कोपऱ्यांतल्या जोडांवर ताण येतो. लंबवर्तुळाकार टाकी बुटकी राहते आणि तिला कोपरेही नसतात.

आता एक टाकी मोजू. आतून तिची सर्वांत जास्त रुंदी २ मीटर आहे, सर्वांत जास्त उंची १.३ मीटर आणि लांबी ४.९ मीटर. रुंदी आणि उंची हे या लंबवर्तुळाचे दोन अक्ष. घाईत अनेक जण तिन्ही आकड्यांचा सरळ गुणाकार करतात. तो येतो १२.७४ घनमीटर, म्हणजे १२,७४० लिटर. चूक इथेच होते. हा गुणाकार त्या मापाच्या खोक्याचा आहे आणि टाकीला खोक्याचे चार कोपरे नाहीत.

कोपरे वजा कसे करायचे? एका चौरसात बरोबर बसणारे वर्तुळ काढा. ते चौरसाचा ७८.५ टक्के भाग व्यापते. हा आकडा म्हणजे π भागिले ४. आता तो चौरस वर्तुळासकट वरून दाबून बुटका केला, असे समजा. चौरसाचा आयत होईल, वर्तुळाचे लंबवर्तुळ होईल. दोघेही सारख्याच प्रमाणात दबले, म्हणून लंबवर्तुळ आयताचा ७८.५ टक्केच भाग व्यापेल. लंबवर्तुळ आणि वर्तुळ यांच्या क्षेत्रफळांतले हे नाते आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते.

म्हणजे नियम असा: रुंदी गुणिले उंची गुणिले ०.७८५४ म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ. त्याला लांबीने गुणले की टाकीची क्षमता मिळते. आपल्या टाकीचा छेद २ × १.३ × ०.७८५४ म्हणजे २.०४२ चौरस मीटर. गुणिले ४.९ केल्यावर येतात सुमारे १०.००६ घनमीटर. एका घनमीटरमध्ये एक हजार लिटर मावतात, म्हणजे टाकी दहा हजार लिटरची. खोक्याच्या हिशेबाने आलेला आकडा खऱ्यापेक्षा सव्वासत्तावीस टक्क्यांनी जास्त होता.

या फरकाने नेमके काय बिघडते? महाराष्ट्रात टंचाईच्या काळात टँकरचे पाणी माणशी रोज २० लिटर या हिशेबाने दिले जाते. १२,७४० लिटर धरले तर ही टाकी ६३७ जणांना पुरायला हवी. प्रत्यक्षात ती ५०० जणांनाच पुरते. कागदावर सगळ्यांना पाणी मिळालेले असते आणि रांगेतल्या शेवटच्या १३७ जणांचे हंडे कोरडे राहतात. मग ती माणसे जवळपासच्या डबक्याकडे किंवा न तपासलेल्या विहिरीकडे वळतात आणि पाठोपाठ गावात जुलाबाचे रुग्ण वाढतात.

दुसरा परिणाम औषधाच्या मात्रेवर होतो. समजा, लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे ठरले. दहा हजार लिटरला २० ग्रॅम क्लोरीन लागेल. टीसीएल पावडर म्हणजे निखळ क्लोरीन नव्हे. तिच्यात २५ टक्के क्लोरीन असेल तर ८० ग्रॅम पावडर लागते. १२,७४० लिटर समजून १०२ ग्रॅम टाकली तर मात्रा अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाते. तेवढ्याने विषबाधा होत नाही, पण पाण्याला उग्र वास येतो आणि ‘औषधाचे पाणी’ म्हणून लोक ते ओतून देतात. उलट, पाणी अंदाजापेक्षा जास्त असेल किंवा पावडर ओलाव्याने निकामी झाली असेल तर मात्रा कमी पडते. म्हणून हिशेब कितीही चोख असला तरी शेवटची खात्री ओटी टेस्टनेच करायची. पावडर टाकून अर्धा तास झाल्यावरही पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले दिसले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही हीच किमान पातळी दिली आहे.

आतापर्यंत टाकी काठोकाठ भरलेली आहे असे धरले. ती अर्धवट भरलेली असेल तर? वरच्या झाकणातून काठी सरळ तळाला टेकवून ओली झालेली उंची मोजायची. पण काठी पाऊण भिजली म्हणजे टाकी पाऊण भरली, असे होत नाही. टाकी मध्यभागी रुंद आणि खालीवर निमुळती असल्याने काठीवरच्या प्रत्येक सेंटिमीटरची किंमत वेगळी असते. आपल्या टाकीत अगदी मधल्या १० सेंटिमीटरमध्ये सुमारे ९८० लिटर पाणी बसते. सर्वांत वरच्या १० सेंटिमीटरमध्ये मात्र जेमतेम ३५५ लिटर बसते.

इथेही वर्तुळ दाबण्याची ती युक्ती कामी येते. गोल टाकी वरून दाबली की पाण्याची उंची आणि टाकीची उंची सारख्याच प्रमाणात घटतात. त्यामुळे उंचीचा अमुक भाग म्हणजे क्षमतेचा अमुक भाग, हे कोष्टक गोल आणि लंबवर्तुळाकार टाकीला एकच लागू पडते. टाकी किती चपटी आहे, याचा त्यात संबंधच येत नाही. आपल्या १३० सेंटिमीटर उंचीच्या, दहा हजार लिटरच्या टाकीसाठी ते असे:

१३ सें.मी. (उंचीचा दहावा भाग): ५२० लिटर
३२.५ सें.मी. (पाव): १,९५५ लिटर
६५ सें.मी. (अर्धी): ५,००० लिटर
९७.५ सें.मी. (पाऊण): ८,०४५ लिटर
११७ सें.मी. (दहात नऊ भाग): ९,४८० लिटर

पाव उंचीला अडीच हजार नाही, दोन हजारांनाही थोडे कमीच पाणी असते. पाऊण उंचीला मात्र अंदाजापेक्षा जास्त असते. अर्ध्यावरच दोन्ही हिशेब जुळतात. म्हणजे टाकी तळाला आली असताना डोळ्यांचा अंदाज फसवतो आणि उरलेले पाणी आहे त्यापेक्षा जास्त वाटते.

काठी कुठे बुडवायची, यालाही महत्त्व आहे. गाडी उतारावर उभी असेल तर टाकीच्या एका टोकाला पाणी खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ असते. दर मीटरला फक्त दोन सेंटिमीटरचा उतार असला तरी आपल्या टाकीच्या टोकाशी काठी पाच सेंटिमीटर चुकीची उंची दाखवते. टाकी अर्धी भरलेली असताना पाच सेंटिमीटर म्हणजे जवळपास पाचशे लिटर. म्हणून काठी लांबीच्या मधोमध असलेल्या झाकणातूनच बुडवावी. तिथे खोल आणि उथळ बाजू एकमेकींची भरपाई करतात.

मापे घेतानाही काही ठिकाणी घोटाळा होतो. मापे आतली हवीत. बाहेरून घेतली तर पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करावी. पत्रा ५ मिलिमीटरचा असेल तर रुंदी आणि उंची प्रत्येकी एक सेंटिमीटरने कमी होते आणि आपल्या टाकीत सुमारे १२५ लिटरचा फरक पडतो. टाकीची दोन्ही टोके बाहेर फुगीर असतील तर लांबी एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतच मोजावी. फुगवट्यासाठी त्याच्या खोलीच्या निम्मी लांबी प्रत्येक टोकाला धरली की पुरे.

सर्वांत मोठा घोटाळा आकारातच असू शकतो. लांबून लंबवर्तुळ वाटणारी टाकी कधी कधी वर आणि खाली सपाट, दोन्ही बाजूंना अर्धगोल अशी असते. रुंदी, उंची आणि लांबी तीच, पण अशा टाकीत जवळपास ११ हजार लिटर मावतात, म्हणजे दहा टक्के जास्त. ओळखायची खूण सोपी आहे. टाकीच्या माथ्यावर आडवी सरळ पट्टी ठेवून पाहावी. खऱ्या लंबवर्तुळावर ती एकाच रेषेत टेकते आणि दोन्हीकडे लगेच फट दिसते. सपाट माथ्यावर ती बरीच रुंद टेकून बसते. शंका राहिलीच तर पाव उंचीवर रुंदी मोजावी. आपल्या मापाच्या लंबवर्तुळात ती १७३ सेंटिमीटर भरेल, सपाट माथ्याच्या टाकीत १८३.

हिशेबाचा निवाडा शेवटी वजनकाट्यावर करता येतो. रिकामी गाडी एकदा तोलायची, भरून पुन्हा तोलायची. फरक जितके किलो, तितके लिटर पाणी. तो मोजमापाच्या आकड्याशी एक-दोन टक्क्यांच्या आत जुळला तर मापे बरोबर आली. मग कोष्टकातले आकडे काठीवरच खुणा करून कोरून ठेवायचे. पुढच्या खेपेपासून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत रंगवलेला आकडा न लिहिता काठीवरचा आकडा लिहिता येतो आणि पावडरही त्याच आकड्यावरून तोलता येते.